बँक स्टेटमेंट आणि प्राप्तिकराचे कागद रशियनमध्ये: आकडे जसेच्या तसे ठेवायचे की बदलायचे?

सायली_कझान

नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, आता कझानला स्थायिक आणि इथली नागरिक. बाबा गेल्यापासून आई नाशिकला एकटी असते. निवृत्त शिक्षिका आहे. तिला कायमची इकडे आणायचं ठरलंय, म्हणून तिच्या निवास परवान्याच्या अर्जाची तयारी चालू आहे. उत्पन्नाचा पुरावा म्हणून तिच्या पेन्शन खात्याचं जानेवारी ते डिसेंबर 2024 चं स्टेटमेंट, एफडीचा दाखला आणि प्राप्तिकर विवरणपत्र पोचपावतीसह एवढं रशियनमध्ये करून नोटरीकडून घ्यायचं आहे.

इथल्या एका अनुवाद कार्यालयाने काल मसुदा पाठवला. रात्री वाचायला बसले आणि झोप उडाली. रकमा काही ठिकाणी मूळ स्टेटमेंटसारख्याच, 1,05,000.00 अशा. काही ठिकाणी शेवटचे दोन शून्य काढून नुसतं 18,450. पैसे जमा झालेल्या स्तंभावर "क्रेदित" लिहिलंय. नवऱ्याने तो स्तंभ पाहिला आणि विचारलं, "तुझ्या आईने एवढी कर्जं का काढली आहेत?"

माझा प्रश्न साधा आहे. अनुवाद करताना आकड्यांना हात लावायचा की नाही? आणि खात्याचे शब्द इथल्या बँकेच्या शब्दांत बसवायचे की आपल्या बँकेचे राहू द्यायचे? कार्यालयातली बाई म्हणते, "मूळ कागदात आहे तसंच आम्ही ठेवतो." तिचंही चूक वाटत नाही.

मॉस्कोकर

सायली, मी 2021 मध्ये यातून गेलोय. सरळ रुबलमध्ये करून टाक सगळं. खिडकीवरच्या माणसाला रुपयाशी काही देणंघेणं नसतं, त्याला दरमहा उत्पन्न त्या प्रदेशाच्या किमान निर्वाह रकमेच्या वर आहे की नाही एवढंच बघायचं असतं. अनुवादातच शेजारी एक स्तंभ घालून रुबल लिहायला सांग. क्रेदित वगैरे राहू दे. डेबिट-क्रेडिट जगभर सारखंच असतं.

मनमाडचा_मुसाफिर

माझ्या भाचीने जर्मनीच्या व्हिसासाठी स्टेटमेंट इंग्रजीतच दिलं होतं, कोणी भाषांतर मागितलं नाही. तुम्ही उगाच खर्चात पडताय का? ब्लॉक अकाउंट उघडलं की काम होतं.

सायली_कझान

दादा, ते विद्यार्थी व्हिसाचं असेल. इथे निवासाच्या अर्जात परकी भाषेतला प्रत्येक कागद रशियन अनुवादासह आणि नोटरीच्या शिक्क्यासह लागतो. त्यातून सुटका नाही.

व्याकरणवाली

सायली, मी पुण्यात रशियन शिकले आणि पंचवीसेक वर्षं कागदपत्रांचाच अनुवाद करते. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: रकमेचं मूल्य बदलायचं नाही, पण तिची लिहिण्याची पद्धत बदलायलाच हवी. "जसंच्या तसं" ठेवणं यालाच मी चूक म्हणते.

रशियन वाचकासाठी स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. हजार वेगळे करायला तिथे मोकळी जागा सोडतात. म्हणजे तुमच्या मसुद्यातलं 18,450 तो "अठरा पूर्णांक 450 सहस्रांश" असं वाचणार. साडेअठरा हजार रुपयांचे साडेअठरा रुपयेसुद्धा उरले नाहीत! मागे .00 असतं तर निदान डोळे थबकले असते. ते काढल्यावर चूक पूर्णपणे खरी दिसायला लागते, आणि मला हीच जास्त धोक्याची वाटते. 1,05,000.00 बघून तो माणूस गोंधळेल आणि विचारेल. 18,450 बघून विचारणारही नाही.

आपली लाखाची मांडणी त्यांना ठाऊक नाही. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे, मध्ये जागा सोडायची आणि पैशांच्या आधी स्वल्पविराम द्यायचा. मूळ ओळ अशी असेल:

```
03/04/2024   BY TRANSFER   1,05,000.00   3,17,318.50 CR
```

तर अनुवादात ती अशी हवी:

```
03.04.2024   Зачисление (перевод)   105 000,00   317 318,50
```

अक्षरी रकमेलाही हाच न्याय. "चार लाख साठ हजार" असेल तर रशियनमध्ये "चारशे साठ हजार" लिहायचं. एक कोटी म्हणजे त्यांचे दहा दशलक्ष. "लाख" हा शब्द रशियन शब्दकोशात सापडतो, पण खिडकीवर बसलेल्या बाईंना तो कळेल अशी अपेक्षा धरू नये.

एक बारीक गोष्ट, पण हिने मला दोनदा रडवलंय. गटांमधली जागा साधी स्पेस असेल तर ओळीच्या शेवटी रक्कम तुटते. 105 एका ओळीत आणि 000,00 पुढच्या ओळीत. वर्डमध्ये तिथे Ctrl+Shift+Space दाबून न तुटणारी जागा घालायची.

मॉस्कोकर

आकड्यांचं पटलं. पण रुबलचं काय? माझं तर चाललं होतं.

व्याकरणवाली

चाललं असेल, नाही म्हणत नाही. पण अनुवादक सही करतो ती "मी या कागदाचा अनुवाद केला" याखाली. मूळ कागदात रुबल नाहीतच, मग ते अनुवादात कुठून आले? नोटरीला स्वतःला ती भाषा येत असेल तर तो अनुवादाच्या अचूकतेची खात्री देतो. येत नसेल तर अनुवादकाची सही खरी आहे एवढंच प्रमाणित करतो. दोन्हीपैकी काहीही असो, मूळात नसलेला स्तंभ दिसला की काळजी घेणारा नोटरी ते परत पाठवतो.

रुबलमधला हिशोब हवाच असेल तर तो वेगळ्या कागदावर, अर्जदाराच्या सहीने, कोणत्या तारखेचा दर ते लिहून द्यावा. दर रशियाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावरचा घ्यावा. तिथे रुपयाचा दर एका रुपयाचा नसतो. शेजारच्या स्तंभात एकक दिलेलं असतं, कधी 10 रुपये तर कधी 100. ते न बघता गुणाकार केला की आईंची पेन्शन एकदम दसपट किंवा शंभरपट होऊन बसते.

आणि रुपया कधीही "р." असा आखडून लिहू देऊ नका. रशियात ते अक्षर रुबलचं आहे. आधी लिहिलेलं "रुपया" कोणी वाचत नाही, खालचं "р." सगळे वाचतात. स्तंभाच्या माथ्यावर एकदा "भारतीय रुपये" असं पूर्ण रशियन शब्दांत आणि शेजारी INR लिहायचं. पुढे प्रत्येक रकमेमागे काहीच नको.

आजोबा_ठाणे

मी राष्ट्रीयीकृत बँकेत 34 वर्षं काढली. वरच्या ओळीत BY TRANSFER दिसलं म्हणून लिहितो, कारण बाहेरच्या अनुवादकाला ते कळणं अवघड आहे.

हे बाय आणि टू जुन्या खतावणीतून आलेत. खात्यात रक्कम आली की नोंद "बाय" ने सुरू होते, गेली की "टू" ने. बाय कॅश म्हणजे रोख भरली, टू कॅश म्हणजे रोख काढली. इंग्रजी व्याकरणाने अर्थ लावला तर सगळं उलटं होतं. "टू ट्रान्सफर" म्हणजे खात्याकडे पैसे आले असं वाटतं, प्रत्यक्षात ते गेलेले असतात. सायली, तुझ्या मसुद्यात हे शब्द कसे आलेत ते बघ बरं.

सायली_कझान

आजोबा, आत्ताच बघितलं. "टू ट्रान्सफर" च्या सगळ्या ओळींना "हस्तांतरणासाठी" अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय, जणू पैसे अजून जायचे आहेत. आणि "बाय क्लिअरिंग" चं "साफसफाईद्वारे" झालंय! आईच्या भाड्याचा चेक त्या ओळीत आहे.

आजोबा_ठाणे

क्लिअरिंग म्हणजे चेक वटून आलेली रक्कम. त्या बाईंना एवढंच सांग की बाय असेल तिथे "जमा" आणि टू असेल तिथे "वजा" असा तिच्या भाषेतला शब्द लिही, म्हणजे काम भागेल.

व्याकरणवाली

आजोबा, अगदी नेमकं. रशियनमध्ये त्यासाठी दोन चोख शब्द आहेत: झाचिस्लेनिये म्हणजे खात्यात जमा, स्पिसानिये म्हणजे खात्यातून वजा. मॉस्कोकर म्हणतात तसं डेबिट-क्रेडिट बँकेच्या पुस्तकात तिथेही त्याच अर्थाने चालतं, ते चूक नाही. पण रोजच्या रशियनमध्ये क्रेदित म्हणजे कर्ज. सायलीच्या नवऱ्याने जे वाचलं तेच खिडकीवरची व्यक्ती वाचणार. म्हणून मी क्रेडिट हा शब्द जमा-खर्चाच्या स्तंभात वापरतच नाही.

असाच दुसरा शब्द बॅलन्स. त्याचं "बलान्स" करू नये. रशियन हिशोबनीसाला त्यातून कंपनीचा ताळेबंद आठवतो. खात्यातली शिल्लक म्हणजे ओस्तातोक. सुरुवातीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक, दोन्हीकडे ओस्तातोकच. शिलकीमागचं सीआर म्हणजे शिल्लक ग्राहकाच्या बाजूची आहे. ते स्तंभाच्या माथ्यावर एकदा सांगितलं की पुरे.

एफडीला मात्र व्क्लाद हाच शब्द हवा, "मुदतीची व्क्लाद" अशा विशेषणासह. निधीच्या पुराव्यांच्या यादीत ठेवीसाठी हाच शब्द आहे आणि तपासणाऱ्याचे डोळे तोच शोधत असतात. एफडीच्या दाखल्यावर मूळ रक्कम आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम अशा दोन असतात. त्या एकाच शब्दाखाली जाऊ देऊ नका, नाहीतर आज हातात नसलेले पैसे आज आहेत असं दिसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. अर्थ तोच असेल तर त्यांचा शब्द घ्यायचा. पण आपल्याकडची खास खूण असेल तर तिची जागा त्यांच्या खुणेला द्यायची नाही. पॅन हा पॅनच राहतो, त्याचा रशियन करदाता क्रमांक करायचा नाही. आयएफएससीच्या जागी त्यांच्या बँकेचा कोड लिहायचा नाही. अनुवादकाने फार तर तळटीप द्यावी.

डॉ_लातूरकर

एमबीबीएसच्या वेळी रशियात होतो, नंतर लग्न करून तिथेच राहिलो. माझं प्रकरण आकड्यांवर अडलं नव्हतं, नावावर अडलं. पासपोर्टच्या अनुवादात आडनाव "जाधव" मधला ह धरून लिहिलेलं, बँकेच्या अनुवादात दुसऱ्या अनुवादकाने ह गाळलेला. एका अक्षरामुळे ही दोन वेगळी माणसं ठरली आणि कागद परत आला. सायली, आईंच्या पासपोर्टचा जो नोटरी झालेला अनुवाद आहे त्याची प्रत या कार्यालयाला आधीच दे आणि नाव त्यावरूनच उतरवायला सांग. बँकेत "एस. के. कुलकर्णी" अशी आद्याक्षरं असतील तर बँकेकडून पूर्ण नावाचं पत्र घे. अनुवादक आद्याक्षरांची पूर्ण नावं करू शकत नाही.

मनमाडचा_मुसाफिर

वाचतोय. माझा जर्मनीचा प्रतिसाद इथे गैरलागू होता हे कळलं. पण एक विचारतो, स्टेटमेंट नेट बँकिंगवरून काढलेलं चालतं का? त्यावर तर "संगणकनिर्मित, सहीची गरज नाही" लिहिलेलं असतं.

व्याकरणवाली

चांगला प्रश्न. माझ्या अनुभवात बरेच नोटरी बिनशिक्क्याच्या छापील कागदाला अनुवाद शिवून द्यायला नकार देतात. "सहीची गरज नाही" हे वाक्य रशियनमध्ये आणलं तरी त्यांचं समाधान होत नाही. शाखेत जाऊन प्रत्येक पानावर शिक्का आणि अधिकाऱ्याची सही घ्यायची. शिक्क्यातला मजकूरही अनुवादात येतो: गोल शिक्का, त्यावर काय लिहिलंय ते, आणि सही वाचता येत नसेल तर "सही अवाच्य" असं.

अनुवादाचा दर तिथे 1800 अक्षरांच्या पानावर लावतात, मोकळ्या जागा धरून. आईंच्या स्टेटमेंटमध्ये दूधवाल्याच्या आणि रिक्षाच्या यूपीआयच्या शेकडो ओळी असतील तर त्या सगळ्यांचे पैसे मोजावे लागतात.

सायली_कझान

आहेत ना. 23 पानं झालीत. आई भाजीसुद्धा यूपीआयनेच घेते.

सीए_करवीर

आता प्राप्तिकराकडे येऊ या, कारण खरा पेच तिथे आहे. सायलीताई, विवरणपत्रावर आणि पोचपावतीवर कोणते आकडे आहेत ते सांगाल का? आणि विवरणपत्र जुन्या पद्धतीने भरलंय की नव्या?

सायली_कझान

जुन्या पद्धतीने. आकारणी वर्ष 2024-25. ग्रॉस टोटल इन्कम 5,98,000, टोटल इन्कम 5,23,000. अनुवादात दुसऱ्या रकमेला "एकूण उत्पन्न" असं लिहिलंय आणि पहिलीला "ढोबळ एकूण उत्पन्न". पण आईच्या हातात वर्षाला पेन्शनचे 3,84,000, घरभाड्याचे 1,80,000 आणि ठेवींच्या व्याजाचे 1,38,000 येतात. म्हणजे 7,02,000. एकाच वर्षाची तीन वेगवेगळी उत्पन्नं. मला स्वतःलाच उलगडत नव्हतं.

सीए_करवीर

तिन्ही बरोबर आहेत. पेन्शनमधून 50,000 ची प्रमाणित वजावट गेली की 3,34,000 उरतात. घरभाड्यातून 30 टक्के देखभालीपोटी आपोआप वजा होतात, म्हणून 1,26,000. व्याज पूर्ण 1,38,000. बेरीज 5,98,000. पुढे ज्येष्ठ नागरिकाला व्याजावर मिळणारी 50,000 ची आणि तुम्ही आरोग्य विम्याचे 25,000 घेतले असतील तर ती, अशा दोन वजावटी गेल्या की 5,23,000.

म्हणजे आपल्या कायद्यातलं "टोटल इन्कम" हे एकूण उत्पन्न नसून वजावटीनंतर उरलेली, करपात्र रक्कम आहे. रशियनमध्ये त्याला "एकूण उत्पन्न" म्हटलं तर तुमच्या आईचं उत्पन्न कागदावर 1,79,000 ने कमी होतं. "करपात्र उत्पन्न, वजावटीनंतर" अशा अर्थाचा शब्द हवा.

व्याकरणवाली

सीएसाहेब, हे मी आजवर "एकूण करपात्र उत्पन्न" असं लिहीत आले. "वजावटीनंतर" हे शब्द मी घालत नव्हते. यापुढे तळटीपेत घालेन.

सीए_करवीर

दुसरी खोच वर्षाची. आकारणी वर्ष 2024-25 म्हणजे उत्पन्न 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळातलं. अनुवादात त्याला "कर वर्ष 2024-25" लिहिलं असेल तर वाचणारा एका वर्षाने पुढचं उत्पन्न समजेल. रशियात कराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, त्यामुळे त्याला आपल्या दोन आकड्यांच्या वर्षाची सवयच नाही. म्हणून तळटीपेत काळ तारखांनी द्यायला सांगा. 1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात आकारणी वर्ष ही भानगड जाऊन "कर वर्ष" आलं आहे, पण तुमचा कागद जुन्या कायद्यातला आहे, त्याला जुनाच शब्द.

आणि तुमच्याकडे कॅलेंडर वर्ष 2024 मागितलं असेल तर हे विवरणपत्र त्यातले फक्त पहिले तीन महिने झाकतं. उरलेले नऊ महिने आकारणी वर्ष 2025-26 मध्ये आहेत. म्हणून मुख्य आधार जानेवारी ते डिसेंबरच्या स्टेटमेंटचा ठेवा. विवरणपत्र मागे जोडायला.

मॉस्कोकर

हे माझ्याही प्रकरणात झालं होतं आणि मला तेव्हा कळलंच नव्हतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या होत्या, "हे वर्ष तर अजून संपलेलंच नाही, मग कर कसा भरला?" मी पगाराचं वेगळं पत्र देऊन वेळ मारून नेली. आज कारण समजलं.

सायली_कझान

सगळ्यांचे आभार. दोन दिवस मसुदा घेऊन बसले होते. कार्यालयाने सुधारित फाइल पाठवली, आकडे रशियन पद्धतीने. म्हटलं बेरीज करून बघू. एक्सेलमध्ये चिकटवलं तर बेरीज भलतीच! मग कळलं, मी चुकून आईच्या मूळ स्टेटमेंटचे आकडे चिकटवले होते. माझं एक्सेल रशियन मांडणीचं आहे, त्याला 1,05,000.00 हा आकडा वाटतच नाही, मजकूर वाटतो. एका ओळीत 12.05 रुपये व्याज होतं त्याचं तर "12.май" झालं, म्हणजे 12 मे.

मग अनुवादातले आकडे घेतले. मूळ स्टेटमेंटवर छापलंय: सुरुवातीची शिल्लक 2,12,318.50, एकूण जमा 7,05,400.00, एकूण वजा 4,57,400.50, अखेरची शिल्लक 4,60,318.00. वजा बरोबर जुळली. जमा मात्र अनुवादात 615 400,00 येते. नव्वद हजारांचा फरक, आणि शोधून सापडत नाही.

सीए_करवीर

फरकाला 9 ने भाग जातोय ना? 90,000 ला जातो. तसं असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते किंवा मधला शून्य गळून पुढचा अंक एक घर सरकलेला असतो. अख्खी ओळ गाळली गेली असेल तर असा फरक क्वचितच येईल. आधी 1,0 ने सुरू होणाऱ्या लाखाच्या रकमा बघा.

सायली_कझान

सापडलं!! 3 एप्रिलची तीच ओळ. 1,05,000 चं "15 000,00" झालंय. गट नव्याने पाडताना मधला शून्य गेला. व्याकरणवाली ताईंनी उदाहरणाला नेमकी हीच ओळ घेतली होती आणि तरी माझ्या डोळ्यांना दिसली नाही, कारण शेजारची शिल्लक 317 318,50 बरोबर होती.

आजोबा_ठाणे

शाबास. बँकेत आम्ही दर संध्याकाळी हेच करत होतो. शिल्लक बरोबर आणि नोंद चुकीची असेल तर ती एका ओळीच्या आधीच्या शिलकेवरून पकडायची. मागची शिल्लक अधिक जमा बरोबर पुढची शिल्लक, ओळीमागून ओळ. 23 पानं म्हणजे एका दुपारचं काम आहे.

एक विचारतो, ते 1,05,000 कसले?

सायली_कझान

आजोबा, जुनी एक छोटी एफडी मुदत संपून आली ती.

सीए_करवीर

मग ते उत्पन्न नाही, ठेवीची मूळ रक्कमच परत आलेली आहे. 7,05,400 च्या जमेवरून महिन्याचं उत्पन्न काढू नका. पेन्शन आणि भाडं मिळून 5,64,000, व्याजाचे खात्यात आलेले 36,400, म्हणजे 6,00,400. बाकीचं व्याज एफडीतच साठत असणार. तुम्ही जो वेगळा हिशोबाचा कागद जोडाल त्यात हे स्पष्ट लिहा, नाहीतर कोणीतरी आईंना विचारेल आणि त्यांना सांगता येणार नाही. 12 ने भागलं तर महिन्याला 50,033 रुपये.

डॉ_लातूरकर

पेन्शनच्या नोंदीला अनुवादात काय म्हटलंय तेही बघ. माझ्या सासूबाईंसोबत काम करणाऱ्या एका बाईंच्या कागदात "पेन्शन" ऐवजी नुसतं "हस्तांतरण" लिहिलं होतं आणि उत्पन्नाचा स्रोत विचारला गेला होता. मूळ स्टेटमेंटमध्ये "पेन्शन" शब्द नसेल तर अनुवादकालाही तो घालता येत नाही, तेव्हा आईंची पेन्शन मंजुरीची ऑर्डर जोड.

मनमाडचा_मुसाफिर

आणि अपोस्टिल? भाचीच्या वेळी दिल्लीहून करून घेतला होता, म्हणून विचारतो.

मॉस्कोकर

भारत आणि रशियामध्ये 2000 साली करार झालाय कायदेशीर सहकार्याचा, त्यामुळे अपोस्टिल लागायला नको. मी तरी केला नव्हता.

व्याकरणवाली

करार आहे, पण तो दाखवून सगळ्या खिडक्या मानतात असं नाही. माझ्या दोन ग्राहकांकडून जन्मदाखल्याला अपोस्टिल मागितला, तिसऱ्याकडून नाही. बँक स्टेटमेंटला मागितल्याचं माझ्यापर्यंत आलेलं नाही. सायली, अर्ज जिथे देणार त्या कार्यालयात आणि त्या नोटरीकडे, दोन्हीकडे अनुवादाआधी विचारा. अपोस्टिल नंतर लागला तर त्यावरच्या मजकुराचाही अनुवाद लागतो आणि सगळं पुन्हा शिवावं लागतं.

सायली_कझान

आज खिडकीवर जाऊन विचारून आले. अपोस्टिल बँकेच्या कागदांना नको म्हणाले, आईच्या विवाहदाखल्याला हवा म्हणाले. एफडी भारतीय बँकेत आहे ती निधी म्हणून धरणार का, यावर मात्र दोन बायकांची दोन उत्तरं. एकीने "ठेव आहे ना, मग झालं" म्हटलं, दुसरीने "आपल्या बँकेतली असती तर बरं". म्हणून पेन्शन आणि भाडं हाच मुख्य आधार ठेवतेय, एफडी फक्त सोबत.

अनुवाद कार्यालयातल्या बाईंना सगळी यादी समजावून सांगितली. सुरुवातीला त्या जरा घुश्श्यात होत्या. पण "बाय" आणि "टू" चं कळल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडे तुमच्या देशाचे असे कागद वर्षाला दहा-बारा येतात, मी ते सगळे उलटेच लिहिले असणार." आणि त्यांनी माझ्यासमोर बसून 23 पानं ओळीमागून ओळ जुळवली. स्तंभाचं नाव आता झाचिस्लेनिये आहे. पुढच्या मंगळवारी नोटरीकडे जायचंय.

आजोबा_ठाणे

नोटरीकडे जाताना मूळ स्टेटमेंटची शिक्क्याची प्रत एक जास्तीची घेऊन जा. एकदा शिवली की तिचं पान सुटं करता येत नाही, आणि आईला इकडच्या बँकेत केवायसीला तीच प्रत लागली तर पुन्हा शाखेत रांग लावावी लागेल.